सकाळचा पाय, संध्याकाळचा बूट

वारीतला पुणे ते सासवड हा टप्पा चालायचं आम्ही शाळेतल्या चौघीजणींनी ठरवलं, तेव्हा माझ्याकडे चालण्याजोगे बूट नव्हते. शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि मी थेट बुटांच्या दुकानात गेले. नुकतंच उघडलेलं दुकान, मी बोहनीचं गिऱ्हाईक. विक्रेत्याने सहा नंबर काढून दिला, मी स्टुलावर बसून घातला, चार पावलं चालले. छान बसला होता, कुठे ढिला नाही, कुठे टोचत नाही. ‘एकदम फिट आहे मॅडम,’ तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

टप्प्याच्या दिवशी पहाटे पुणं सोडलं. हडपसरपर्यंत बुटांची आठवणसुद्धा झाली नाही. वडकीला, म्हणजे दिवे घाटाच्या पायथ्याशी, दुपारच्या विसाव्याला बसलो तेव्हा पायाची बोटं जरा बधिर वाटत होती. घाट चढताना करंगळीच्या बाजूला आग व्हायला लागली. सासवडला पोचून बूट काढला तर करंगळीवर टपोरा फोड आणि पायाच्या वरच्या बाजूला नाडीचे आडवे वळ. पाय धुऊन आल्यावर बूट पुन्हा घालायला गेले, तर तो चढेचना. सकाळी ‘एकदम फिट’ असलेला बूट बारा तासांत परका झाला होता.

शेजारी एक सातारकडच्या वारकरी बाई पाय पसरून तेल चोळत बसल्या होत्या. माझी खटपट बघून म्हणाल्या, ‘माउली, सकाळच्याला घेतला असणार. आम्ही बाजारला गेलो की चप्पल सगळ्यात शेवटी घेतो. दिवसभर हिंडून पाय भरला, की मगच.’

‘पाय भरणं’ हा त्यांचा शब्द मला फार आवडला. पायात नेमकं काय भरतं, किती भरतं, आणि ते बुटाच्या मापात कुठे बसतं, याचा शोध मी त्यानंतर घेतला. त्यातून लक्षात आलेली गोष्ट साधी आहे. पाय भरतो तो लांबीत नाही, जाडीत. आणि आपण बूट मागतो तो नंबराने, म्हणजे लांबीने. सगळा घोटाळा इथेच आहे.

गच्चीवरची टाकी आणि तळमजल्याचा नळ

इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असेल, तर सगळ्यात जोरात पाणी तळमजल्याच्या नळाला येतं. वरच्या पाण्याचं सगळं वजन त्या नळावर असतं. आपण उभे असतो तेव्हा पायाची स्थिती त्या नळासारखीच असते. हृदयापासून पावलापर्यंत साधारण सव्वा मीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ असतो. स्वस्थ उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या मापात 80 ते 90 मिलिमीटर भरतो, तो या स्तंभाच्या वजनामुळेच. आडवं झालं की तो स्तंभ नाहीसा होतो आणि दाब अगदी थोडा उरतो.

आता हा दाब पाण्याला बाहेर कसा ढकलतो ते पाहू. सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांना केशवाहिन्या म्हणतात. त्यांची भिंत पक्क्या नळासारखी नसते, मलमलीच्या कापडासारखी असते. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं तिच्यातून सहसा सुटत नाहीत, पण पाणी आणि क्षार पाझरतात. आतला दाब पाण्याला बाहेर लोटतो, तर रक्तातली प्रथिनं त्याला आत धरून ठेवतात. या ओढाताणीचा हिशोब इंग्लंडमधले शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 1896 मध्ये मांडला आणि वैद्यकीय महाविद्यालयांत तो आजही त्यांच्याच नावाने शिकवतात. उभं राहिलं की पायात लोटणारी बाजू वरचढ होते. थोडं थोडं पाणी पेशींच्या मधल्या जागेत उतरतं. त्यातलं बरंचसं लसिकावाहिन्या गोळा करून परत रक्तात नेऊन सोडतात, पण दिवसभर येणाऱ्या पाण्याला त्या पुऱ्या पडत नाहीत. संध्याकाळपर्यंत जे मागे उरतं, तेच पायाचं ‘भरणं’.

रात्री आडवं झाल्यावर हे पाणी रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं त्यातलं जास्तीचं बाहेर काढतात. ज्या वयस्कर माणसांचे पाय संध्याकाळी बरेच सुजतात, त्यांना रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. दिवसा पायात साठलेलं पाणी रात्री वाट काढतं.

मग आपण सगळेच संध्याकाळी हत्तीसारखे पाय घेऊन का फिरत नाही? कारण पोटरी. पोटरीचे स्नायू आवळले की त्यांच्यामधल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर जातं. शिरांमध्ये ठिकठिकाणी झडपा असतात, त्या रक्ताला परत खाली येऊ देत नाहीत. हापशाच्या पंपासारखंच हे काम आहे. माणूस चालायला लागला, की दहा-बारा पावलांतच घोट्याजवळचा तो 80-90 चा दाब 20 ते 30 पर्यंत उतरतो. म्हणूनच सुजेला चालण्यापेक्षा नुसतं उभं राहणं आणि पाय लोंबकळत बसून राहणं जास्त कारणीभूत ठरतं. फळ्यासमोर उभी असलेली शिक्षिका, दुकानातला विक्रेता, चौकातला वाहतूक पोलीस, रात्रभर खुर्चीत बसून आलेला प्रवासी, या सगळ्यांचा पंप बंद असतो आणि नळ मात्र चालू.

उन्हाळा काय करतो

मग मी तर चालतच होते, माझा पाय का भरला? त्याची दोन कारणं. एक म्हणजे वारीत चालणं सलग नसतं. दिंडी थांबते, अभंग होतो, पुन्हा चार पावलं, पुन्हा थांबणं. पंप सारखा बंद पडतो. दुसरं कारण ऊन.

शरीराला जास्तीची उष्णता बाहेर टाकायची असते तेव्हा ते रक्त कातडीकडे वळवतं. तळहात आणि तळपायाच्या कातडीत यासाठी खास जोडवाहिन्या असतात. त्या उघडल्या की पावलातलं रक्त अनेक पटींनी वाढतं. त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाझरही वाढतो. उन्हाळ्यात दुपारी बोटातली अंगठी घट्ट होते, तीही यामुळेच.

यात आणखी एक भर पडते. माणूस थंड जागेतून एकदम उष्ण जागी गेला, की पहिले काही दिवस शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतं. पुढे येणाऱ्या घामाची ती तरतूद असते. पण घाम अजून पुरता जमलेला नसतो आणि पाणी मात्र अंगात साठतं. मे महिन्यात पुण्याहून नागपूर-चंद्रपूरला लग्नाला गेलेल्या पाहुण्यांचे पाय दुसऱ्या दिवशी भरतात, तिथल्या माणसांचे तितके भरत नाहीत. लंडन किंवा टोरांटोहून उन्हाळ्यात घरी आलेल्या लेकीची तर दोन्ही बाजूंनी कोंडी होते. आधी विमानात पाय लोंबकळत काढलेले तास, आणि उतरल्यावर मुंबईची दमट हवा. ‘तिकडे व्यवस्थित होणारे सँडल इथे होतच नाहीत गं आई,’ हे वाक्य कित्येक घरांत ऐकू येतं. शरीर उन्हाला सरावलं की ही सूज आपोआप उतरते. त्याला काही दिवस, फार तर दोनेक आठवडे लागतात.

या सुजेवर दोन चुकीचे उपाय हटकून केले जातात. एक म्हणजे पाणी कमी पिणं. पायात साठलेलं पाणी दाबामुळे साठलेलं असतं, जास्त प्यायल्यामुळे नाही. उन्हात पाणी तोडलं तर सूज तशीच राहते आणि वर चक्कर येते. दुसरा उपाय म्हणजे घरातल्या कुणाची तरी ‘पाणी काढायची गोळी’ घेणं. उन्हाच्या सुजेत ती उपयोगी पडत नाही. आधीच घामाने मीठ-पाणी चाललेलं असताना ती घेणं धोक्याचंच आहे. पाय उशीवर ठेवून अर्धा तास आडवं पडणं हा उपाय फुकटचा आणि खात्रीचा आहे.

शिंप्याची टेप आणि सहा मिलिमीटर

सासवडहून परतल्यावर, फोड बरा झाल्यावर, मी घरीच मोजणी केली. त्यासाठी कपडे शिवायची टेप पुरते. पायाचा सगळ्यात रुंद भाग म्हणजे चवडा, अंगठ्याच्या मुळाचं हाड आणि करंगळीच्या मुळाचं हाड यांवरून जाणारा पट्टा. त्याच्याभोवती टेप गुंडाळून घेर घ्यायचा, उभं राहून आणि वजन दोन्ही पायांवर सारखं ठेवून. लांबीसाठी भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहायचं आणि सगळ्यात लांब बोटापुढे खूण करायची.

सकाळी सहाला अंथरुणातून उठल्या उठल्या चवड्याचा घेर होता 229 मिलिमीटर. सकाळभर वर्गात उभं राहून आल्यावर दुपारी एकला 232. बाजार, बस आणि स्वयंपाक उरकून संध्याकाळी सातला 235. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा 229. घरीच असलेल्या एका निवांत रविवारी संध्याकाळी तो 231 च्या पुढे गेला नाही. लांबी मात्र सकाळ-संध्याकाळ जवळपास तीच, 244. बसून मोजली तर 241 आणि उभं राहून 244, एवढाच फरक. तो सुजेचा नव्हता. वजन पडलं की तळव्याची कमान थोडी खाली बसते आणि पाय पुढे सरकतो. स्टुलावर बसून बूट ‘फिट’ ठरवण्यात माझी पहिली चूक झाली होती ती हीच.

दिवसभरात वाढलेले 6 मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण बूट बनवणाऱ्यांच्या हिशोबात हे माप अगदी ओळखीचं आहे. आपल्याकडे दुकानांत चालतात ते नंबर इंग्लंडच्या पद्धतीचे. त्या पद्धतीत एका नंबराने लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते. रुंदीचे वेगळे वर्ग असतात आणि एका वर्गातून पुढच्या वर्गात जाताना चवड्याचा घेर पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास वाढतो. याचा अर्थ असा, की माझा पाय सकाळी एका रुंदीचा होता आणि संध्याकाळी पुढच्या रुंदीचा. सकाळी घेतलेला बूट चुकीचा नव्हता. तो फक्त सकाळच्या पायाचा होता.

मग एक नंबर मोठा घेतला तर? बहुतेक जण तेच करतात आणि विक्रेताही तेच सुचवतो. एक नंबर वाढवला की घेर साधारण सहा मिलिमीटर वाढतोच, म्हणजे रुंदीचं काम होतं. पण सोबत साडेआठ मिलिमीटर नको असलेली लांबी येते. बुटाचा सगळ्यात रुंद भाग आणि तो जिथे दुमडतो ती जागा टाचेपासून साधारण सत्तर-बहात्तर टक्क्यांवर असते. एवढी लांबी वाढली की ती जागा सहा मिलिमीटर पुढे जाते. पाय एका ठिकाणी दुमडतो आणि बूट दुसऱ्या ठिकाणी. त्यात टाच प्रत्येक पावलाला वर-खाली घासते आणि उतारावर अख्खा पाय पुढे घसरून अंगठ्याचं नख बुटाच्या टोकावर आपटतं. लांब चालणाऱ्यांची नखं काळी पडतात ती अशी, नखाखाली रक्त साकळून. म्हणजे करंगळीचा फोड वाचवायला जावं आणि टाचेचा फोड अन् काळं नख पदरात पडावं.

म्हणून मागायची असते ती रुंदी, नंबर नाही. आपल्याकडची अडचण अशी की दुकानात रुंदीचे वर्ग क्वचितच ठेवलेले असतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून अधिक भारतीयांच्या पायांची मापं घेतली. त्यांत आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा जास्त रुंद असल्याचं आढळलं आणि त्यावरून भारतीय मापांची ‘भा’ नावाची स्वतंत्र पद्धत सुचवण्यात आली. मुळातच रुंद असलेला पाय परक्या साच्यावर बेतलेल्या बुटात घालायचा आणि वर दिवसाचे सहा मिलिमीटर. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळच्या खरेदीची गरज आणखीच जास्त.

उतरत्या उन्हातली खरेदी

संध्याकाळी जायचं म्हणजे केवळ घड्याळात सहा वाजलेले असून भागत नाही. दुपारी दोन तास झोपून उठलात आणि दुकानात गेलात, तर तो पाय सकाळचाच असतो. खरेदी कामाच्या दिवशी करावी, दिवसभर नेहमीसारखं उभं-बसणं झाल्यावर. प्रवासात जे मोजे घालणार तेच घालून जावं, कारण जाड मोजाही जागा खातोच.

दुकानात पहिली तपासणी पाय बुटात घालण्याआधी करता येते. आजकालच्या बहुतेक स्पोर्ट्स शूजमधलं आतलं सोल सुटं असतं. ते बाहेर काढून जमिनीवर ठेवायचं आणि टाच टाचेवर ठेवून त्याच्यावर उभं राहायचं. चवडा सोलच्या कडेबाहेर आला, तर बूट कितीही मऊ असला तरी तो अरुंद आहे, हे कळायला विक्रेत्याची गरज नाही. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर सोल उरायला हवं. हे बोट अंगठाच असतं असं नाही, पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पाय तपासायचे. बहुतेकांचे दोन पाय थोडे लहान-मोठे असतात आणि माप मोठ्या पायाचं घ्यायचं.

यानंतर नाडी बांधून उभं राहायचं. इथे सगळ्यात उपयोगाची खूण मिळते, ती म्हणजे नाडीच्या भोकांच्या दोन रांगांमधलं अंतर. संध्याकाळच्या भरलेल्या पायावर हे अंतर दोन बोटांएवढं असावं. रांगा त्याहून जास्त फाकल्या असतील तर बूट अरुंद आहे, उन्हात आणखी भरलेल्या पायाला पुढे जागाच उरलेली नाही. उलट संध्याकाळीच रांगा एकमेकींना टेकल्या असतील तर बूट ढगळ आहे. सकाळी पाय बारीक झाल्यावर तो आवळायला वाव राहणार नाही.

संध्याकाळच्या खरेदीची मर्यादा इथेच आहे. संध्याकाळी बरोबर बसलेला बूट सकाळी थोडा ढिला होणारच. तो ढिलेपणा काढून घेण्याची सोय बुटात नसेल, तर संध्याकाळी घेऊनही उपयोग नाही. म्हणून उन्हाळ्याच्या आणि लांबच्या प्रवासासाठी नुसते सरकवायचे बूट, मोकासीन किंवा बेली टाळावेत. त्यांचं तोंड एकाच मापाचं असतं, सकाळी टाच निसटते आणि संध्याकाळी कड रुतते. नाडीचा बूट किंवा पुढे, वर आणि टाचेमागे असे तीन वेलक्रोचे पट्टे असलेलं सँडल दिवसातून चार वेळा नव्या मापाचं करता येतं. फिरायचंच आहे आणि पावसाळा तोंडावर आहे, तर असं सँडल बुटापेक्षाही सोयीचं. पाण्यात भिजलं तरी लवकर वाळतं, आणि ओल्या मोज्यातली कातडी नरम पडून फोड येतात तो त्रास वाचतो.

कोल्हापुरीची गोष्ट थोडी वेगळी. तिचं कातडं वापरून वापरून रुंदीला सैल होतं, लांबीला नाही. त्यामुळे संध्याकाळच्या पायाला किंचित घट्ट वाटणारी कोल्हापुरी चालते. काही दिवसांत पट्टा पायाचा आकार घेतो. पण सकाळी सैल वाटणारी कोल्हापुरी घेतली तर महिन्याभरात ती पायातून निघायला लागते. जाळीदार कापडाच्या किंवा रेक्झिनच्या बुटांना मात्र हा भरवसा लावू नये. ‘वापरात सैल होईल’ हे विक्रेत्याचं वाक्य कातड्याबद्दल खरं असतं, रेक्झिनबद्दल फारसं नाही.

बसून केलेला प्रवास

चालणाऱ्यापेक्षा बसून जाणाऱ्याचा पाय जास्त भरतो, हे वर आलंच. रात्रीच्या एसटीत किंवा विमानात गुडघे दुमडलेले असतात, आसनाची कड मांडीमागे दाबते, पोटरी स्वस्थ असते. प्रवासासाठी बूट संध्याकाळी घेतलेले असले, तरी बसल्याबरोबर नाड्या सैल करून ठेवाव्यात. पाय भरल्यावर करू म्हटलं तर तोवर वळ उठलेले असतात. बूट पूर्ण काढून झोपलेला प्रवासी सकाळी उतरताना तो परत घालण्यासाठी झगडताना दिसतो, माझी सासवडला झाली तशी गत. दर अर्ध्या तासाने बसल्या जागी टाचा टेकवून चवडे उचलायचे, मग चवडे टेकवून टाचा उचलायच्या, असं वीस-पंचवीस वेळा केलं की पोटरीचा पंप चालतो. रेल्वेत बर्थवर पाय आडवे करता येतात, ही तिची मोठी मेहेरबानी.

मात्र लांबच्या प्रवासातली प्रत्येक सूज निरुपद्रवी नसते. खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका चार तासांहून जास्त बसून केलेल्या प्रवासानंतर साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालात सांगितलं आहे. हे फक्त विमानाला लागू नाही, बस, रेल्वे आणि मोटारीलाही आहे. निरोगी माणसाला हा धोका मुळात फार कमी असतो, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण फरक ओळखता यायला हवा. दिवसाची किंवा उन्हाची सूज दोन्ही पायांना साधारण सारखी येते, दुखत नाही आणि रात्रभर आडवं पडलं की उतरते. एकच पाय सुजला, पोटरी दुखते आहे, तिथे गरम किंवा लाल दिसतं आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर एक क्षणही थांबायचं नाही.

दुसरी खूण अंगठ्याने पाहता येते. नडगीच्या हाडावर घोट्याच्या थोडं वर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून धरायचा. उचलल्यावर खळगा राहिला आणि सकाळी उठल्यावरही तसाच पडत असेल, तर ती दिवसाची सूज नाही. हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा रक्तातली कमी झालेली प्रथिनं, यांपैकी काहीतरी त्यामागे असू शकतं. रक्तदाबासाठी अनेक जण घेतात त्या अ‍ॅम्लोडिपिनच्या गोळीनेही घोट्याला सूज येते. ती आपल्या मनाने बंद करायची नसते, डॉक्टरांना सांगायची असते. अशा सुजेवर मोठा बूट हा उपाय नाही.

मधुमेह जुना असेल तर आणखी एक सावधगिरी. पायाची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे घट्ट बूटही ‘बरा’ वाटतो आणि जखम झाल्याचं रात्री मोजा काढल्यावर कळतं. अशांनी बूट बसल्याच्या जाणिवेवर विसंबू नये. संध्याकाळी पुठ्ठ्यावर उभं राहून पायाची कड पेन्सिलने आखावी, पुठ्ठा कापावा आणि तो न दुमडता बुटात सपाट बसतो का ते पाहावं. पुठ्ठा खोटं बोलत नाही.

पुन्हा सासवड

पुढच्या वर्षी वारीच्या महिनाभर आधी मी त्याच दुकानात गेले, या वेळी पूर्ण दिवसाची शाळा करून, संध्याकाळी सातला. विक्रेता तोच होता. सोल बाहेर काढून त्यावर उभी राहिले तेव्हा त्याने जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं, पण काही बोलला नाही. पहिल्या दोन जोडांत माझा चवडा सोलबाहेर आला. तिसरा पुरुषांच्या कपाटातून काढावा लागला, कारण पुरुषांच्या साच्यांना रुंदी जास्त असते. नंबर तोच, सहा. महिनाभर रोज तासभर घालून ते बूट चालण्यात मुरवले.

पहाटे पुण्यात नाडी बांधली तेव्हा दोन रांगांमध्ये एका बोटाचंच अंतर होतं. हडपसरला एकदा नाडी सैल केली, वडकीला पाय गाडीच्या चाकाला टेकवून अर्धा तास वर ठेवले आणि उठताना पुन्हा बांधली, घाट संपल्यावर आणखी एकदा सोडली. सासवडला पोचल्यावर सवयीने खाली पाहिलं. रांगांमध्ये आता दोन बोटं सहज बसत होती. पाय दिवसभरात भरायचा तेवढा भरला होता, बूट त्याच्याबरोबर वाढला होता. बूट काढले, पाय धुतले आणि तेच बूट पुन्हा घालून मी पालखीच्या तळाकडे दर्शनाला चालत गेले.